टेलिग्राम चॅनेलचं नाव आणि खालची माहिती कशी लिहावी? (कंबाईनच्या नोट्स, ठाणे)

कळव्याचा_पक्या

नमस्कार मंडळी. आम्ही तिघं मित्र कळव्यातल्या एका अभ्यासिकेत बसतो, एमपीएससी कंबाईनची तयारी चालू आहे म्हणजे गट ब आणि क. दीड वर्षात स्वतःच्या हाताने काढलेल्या नोट्स बऱ्याच साठल्या, अभ्यासिकेतली पोरं झेरॉक्स मागायला लागली म्हणून मार्चमध्ये टेलिग्रामवर चॅनेल काढलं. आत्ता 340 लोक आहेत पण त्यातले तीनशे आमच्याच ओळखीचे किंवा ओळखीच्यांच्या ओळखीचे. बाहेरचं कोणी येतच नाही आणि लिंक पाठवली तरी लोक उघडून परत जातात असं वाटतं.

नाव असं आहे:

🔥🎯 जिद्द अधिकाऱ्याची 🎯🔥 | MPSC | UPSC | PSI STI ASO | तलाठी | पोलीस भरती | सर्व नोट्स PDF 100% मोफत

आणि खाली माहितीत लिहिलंय "आमच्या चॅनेलमध्ये आपले हार्दिक स्वागत आहे. स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या सर्व विद्यार्थी मित्र-मैत्रिणींना दर्जेदार अभ्यास साहित्य एकाच ठिकाणी मिळावे हा आमचा प्रामाणिक प्रयत्न..." असंच पुढे अजून थोडं, आणि मग जागाच संपली, पुढचं घेईना. अजून अर्धं सांगायचं राहिलंय. नक्की काय ठेवावं आणि काय काढावं ते सांगा, नाव बदललं तर असलेले लोक जातील का हेपण सांगा.

निवृत्त_मास्तर_डोंबिवली

अभिनंदन बाळा. क्लासचं नाव ठेवताना आधी शॉप अ‍ॅक्टचा दाखला काढून घे, त्याच नावाने बँकेत चालू खातं निघतं. आमच्या शेजाऱ्यांनी आधी बोर्ड रंगवला, मग नाव बदलायला लागलं, बोर्डाचे पैसे वाया गेले. नाव शक्यतो आईवडिलांच्या किंवा देवाच्या नावावरून असावं, लोकांचा विश्वास बसतो.

कळव्याचा_पक्या

काका क्लास नाही हो, मोबाईलवरचं चॅनेल आहे, फुकट आहे, एक रुपया घेत नाही. पण बोर्डाचं लक्षात ठेवतो.

घोडबंदर_एक्सप्रेस

भावा नाव मस्त आहे, काही बदलू नकोस. फक्त माहितीत कीवर्ड ठासून भर. mpsc psi sti aso talathi police bharti current affairs marathi notes pdf free download असं सगळं इंग्लिश अक्षरात लिही म्हणजे सर्चला वर येतं. माझ्या कझिनने तसंच केलं, त्याचे हजारो झाले. आणि इमोजी पुढे असले की लिस्टमध्ये उठून दिसतं.

ऐरोलीकर

घोडबंदर भाऊ, अर्धं बरोबर आहे तुमचं. टेलिग्रामच्या आतल्या शोधात चॅनेलचं नाव आणि युझरनेम बघितलं जातं, खालची माहिती नाही. म्हणजे माहितीत कितीही कीवर्ड कोंबले तरी ॲपमध्ये शोधणाऱ्याला त्याचा काडीचा उपयोग नाही. हां, चॅनेल पब्लिक असेल तर त्याचं t.me वालं पान बाहेर वेबवर दिसतं आणि त्यावर ती माहिती असते, त्यामुळे गूगलवरून थोडंफार कोणी आलं तर येईल. कझिनचे हजारो दुसऱ्या कशाने तरी झाले असणार.

पक्या, तुझ्या नावाचं सांगतो. मी सहा वर्षं दोन चॅनेल चालवलीत, एक बंद पडलं, एक चालू आहे. टेलिग्राम नावाला 128 अक्षरं देतं म्हणून लोक 128 भरतात, पण कोणाच्याही मोबाईलवर चॅटच्या यादीत त्यातली वीस-पंचवीसच दिसतात. तू आत्ता स्वतःच्या फोनवर बघ, तुझ्या चॅनेलच्या ओळीत काय दिसतंय? "🔥🎯 जिद्द अधिकाऱ्याची 🎯🔥…" एवढंच. कंबाईन हा शब्द तर आख्ख्या नावात कुठेच नाही आणि एमपीएससी कापला गेलाय. आता एखाद्याने तुझी नोट त्याच्या ग्रुपमध्ये फॉरवर्ड केली की वर बारीक अक्षरात चॅनेलचं नाव येतं, तिथेही तेच कापलेलं. तुझ्या नोटची जी फुकट जाहिरात होते तिच्यात लोकांना फक्त जिद्द दिसते. जिद्द तर सगळ्यांकडेच आहे.

जिद्द, ध्येय, यश, शिखर, संकल्प ही नावं वाईट नाहीत पण ती सगळी एकमेकांसारखी दिसतात. माणूस शोधताना "जिद्द" टाईप करत नाही, तो "कंबाईन नोट्स" नाहीतर mpsc टाईप करतो. म्हणून जे टाईप होणार ते पहिल्या वीस अक्षरात पाहिजे.

सातारी_तर्री

माझं मत थोडं वेगळं. मी स्वतः एसटीआयची मुख्य दिलीये. चॅनेलच्या नावात पाच परीक्षा दिसल्या की मी आत जातच नाही, कारण तिथे रोज शंभर पीडीएफ पडतात आणि कंबाईनचं त्यात काही नसतं. तुमच्या नोट्स जर फक्त कंबाईनच्या आहेत तर यूपीएससी आणि पोलीस भरती नावात का? पोलीस भरतीवाला पोरगा तुमच्याकडे अर्थशास्त्राची नोट वाचायला येणार का? तो आला तरी दोन दिवसात निघून जाईल.

कळव्याचा_पक्या

खरं सांगू का तर जास्त लोक यावेत म्हणून टाकलं होतं. पोलीस भरतीची एकच पीडीएफ आहे आमच्याकडे, तीपण मित्राच्या भावाने दिलेली. तलाठीचं काहीच नाही. 😅

घोडबंदर_एक्सप्रेस

तलाठी काढू नको रे, त्यालाच सगळ्यात जास्त गर्दी असते.

सातारी_तर्री

तलाठीचं आता सरकारी नाव ग्राम महसूल अधिकारी झालंय, पण शोधताना कोणी ते टाईप करत नाही, तलाठीच टाकतात. तेव्हा ज्याच्याकडे खरंच तलाठीच्या नोट्स आहेत त्याने नावात तलाठीच ठेवावं आणि नवं नाव खाली माहितीत द्यावं. पण पक्याकडे नाहीतच तर विषय संपला.

ऐरोलीकर

बरोबर. आता मराठी अक्षर की इंग्रजी अक्षर याचं बोलू. चॅनेलचं नाव देवनागरीत असेल आणि समोरच्याने इंग्रजी कीबोर्डवर combine टाईप केलं तर ते देवनागरी नावाला लागत नाही. उलटही तसंच. युझरनेम मात्र इंग्रजीतच असतं, 5 ते 32 अक्षरं, त्यात फक्त इंग्रजी अक्षरं, आकडे आणि खालची रेघ चालते. म्हणून मी कामं वाटून देतो, नाव देवनागरीत आणि त्यात एखादाच रोमन शब्द, इंग्रजीत शोधणाऱ्यांसाठी युझरनेम. म्हणजे नाव समजा "कंबाईन नोट्स मराठी | MPSC गट ब क" आणि युझरनेम combinemarathi असं काहीतरी, मोकळं असेल तर.

युझरनेम तोंडाने सांगून बघ. ठाणे स्टेशनला गर्दीत मित्राला ओरडून सांगायचं आणि त्याने एका फटक्यात बरोबर टाईप केलं पाहिजे. दोन खालच्या रेघा आणि शेवटी 07 असेल तर तो माणूस कधीच पोचणार नाही. तुझं आत्ताचं काय आहे ते इथे टाकू नकोस, फक्त करून बघ.

कळव्याचा_पक्या

करून बघितलं दादा. अभ्यासिकेत शेजारच्याला सांगितलं, त्याने तीनदा चुकवलं. तीन रेघा आहेत आमच्या. 🤦

नेरुळची_पूजा

मला माहितीबद्दल सांगायचंय, थोडं विषयांतर होईल पण महत्त्वाचं आहे. मी आणि मैत्रिणीने बँकिंगच्या नोट्सचं चॅनेल काढलं होतं आणि खाली माहितीत "अधिक माहितीसाठी संपर्क" म्हणून माझा मोबाईल नंबर दिला. आधी नोट्ससाठी फोन यायचे, मग रात्री साडेअकराला "हाय मॅडम" सुरू झालं, मग व्हॉट्सॲपवर व्हिडिओ कॉल. नंबर काढून टाकला तरी फोन थांबेनात कारण तोवर लोकांनी स्क्रीनशॉट घेतलेले आणि दुसऱ्या ग्रुपात तो नंबर फिरत होता. शेवटी सिम बदललं. तर पक्यादादा कोणाचाही नंबर देऊ नका, मुलीचा तर अजिबातच नको. टेलिग्रामचं युझरनेम द्यायचं आणि त्या अकाउंटच्या सेटिंगमध्ये नंबर कोणालाही दिसणार नाही असं करायचं.

ऐरोलीकर

पूजाताईंशी शंभर टक्के सहमत. अजून एक. माहितीला 255 अक्षरांची मर्यादा आहे, आणि पक्याची जागा का संपली याचं कारण मजेशीर आहे. आपण मराठीत जे एक अक्षर समजतो ते मोबाईल एक मोजत नाही. "स्पर्धा" बघायला दोन अक्षरं, पण मोजताना स, हलन्त, प, र, हलन्त, ध, काना अशी सात होतात. "परीक्षा"चीही सात. त्यामुळे "स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या सर्व विद्यार्थी मित्र-मैत्रिणींना" एवढ्यातच चतुर्थांशाच्या वर जागा जाते आणि अजून एक कामाची गोष्ट सांगून झालेली नसते. स्वागत, हार्दिक, प्रामाणिक प्रयत्न, दर्जेदार ही सगळी महाग अक्षरं आहेत.

आणि ती पहिली ओळ नुसती चॅनेलच्या आत दिसत नाही. तू व्हॉट्सॲपवर लिंक पाठवतोस ना, तेव्हा खाली जो छोटा डबा येतो त्यात चॅनेलचं नाव आणि माहितीची सुरुवातीची एक-दोन ओळी येतात. स्वतःलाच लिंक पाठवून बघ.

कळव्याचा_पक्या

आत्ता बघितलं. डब्यात येतंय "आमच्या चॅनेलमध्ये आपले हार्दिक स्वागत आहे. स्पर्धा…" आणि बस. म्हणजे आम्ही आठ महिने लोकांना नुसतं स्वागत पाठवत होतो. लोक उघडून परत का जातात ते आता कळलं.

घोडबंदर_एक्सप्रेस

😂😂 लग्नाची पत्रिका झाली की रे.

सातारी_तर्री

पहिल्या ओळीत कोणती परीक्षा, पूर्व का मुख्य, कोणत्या भाषेत, एवढं आलं पाहिजे. मग किती वेळा टाकता ते. आणि "100% मोफत" काढा हो, ज्यांना पुढे बॅच विकायची असते तेच सगळ्यात मोठ्याने मोफत म्हणतात. साधं "पैसे मागत नाही" लिहा.

कळव्याचा_पक्या

मग हे कसं वाटतं?

"एमपीएससी गट-ब, गट-क संयुक्त पूर्व व मुख्य परीक्षेच्या मराठी नोट्स. रोज रात्री 9 वाजता एक विषय. परीक्षेत हमखास येणारे प्रश्न. आयोगाच्या अधिकृत सूचना सर्वात आधी."

ऐरोलीकर

पहिलं वाक्य उत्तम. पुढच्या तिन्हीवर माझा आक्षेप आहे, एकेक सांगतो.

"रोज रात्री 9" लिहिलंस की ती पोरं 9 ला बघणार. तुम्ही तिघं स्वतः परीक्षा देणार आहात. परीक्षेच्या आधीचा महिना तुम्ही रोज टाकणार का? माझं जे चॅनेल बंद पडलं ते याच कारणाने. "रोज" लिहिलं होतं, मुख्य परीक्षेच्या आधी तीन आठवडे काही टाकलं नाही, परत आलो तर हजारातले दोनशे गेलेले आणि बाकीच्यांनी म्यूट केलेलं. आठवड्यातून जेवढं झोपेत पण जमेल तेवढंच लिही.

"हमखास येणारे प्रश्न" तर लिहूच नकोस. पेपरफुटीच्या प्रकरणांनंतर 2024 मध्ये केंद्राने गैरप्रकारांविरुद्ध कायदा केला, त्यात पेपर फोडणाऱ्यांना तुरुंगवास आणि दंड दोन्ही आहे. तू काही पेपर फोडत नाहीयेस हे मला माहितीये, पण "हमखास", "गेस पेपर", "लीक" हे शब्द ज्या चॅनेलांवर असतात त्यांच्याच पंगतीत जाऊन बसशील आणि कोणी रिपोर्ट केलं तर समजावत बसावं लागेल. त्यापेक्षा "मागच्या वर्षांचे प्रश्न" किंवा "सरावप्रश्न" म्हण.

आणि "आयोगाच्या अधिकृत सूचना". अधिकृत हा शब्द आयोगाच्या वेबसाईटपुरताच ठेव. तसा शब्द आणि डीपीला आयोगाचं बोधचिन्ह किंवा अशोकस्तंभ असं दोन्ही एकत्र दिसलं की लोक आयोगाचंच चॅनेल समजतात, टेलिग्राम अशा चॅनेलवर फेकचा शिक्का पण मारतं. राजमुद्रा वापरण्याबद्दल 2005 चा वेगळा कायदा आहे. उलट "हे आयोगाचं चॅनेल नाही" असं सरळ लिहून टाक.

कळव्याचा_पक्या

डीपीला अशोकस्तंभच आहे दादा. काढतो आत्ता.

घोडबंदर_एक्सप्रेस

सगळेच लावतात रे, काही होत नाही.

ऐरोलीकर

काही होत नाही तोपर्यंत होत नाही, भाऊ. 🙂

दिघा_गावचा_सुशील

उशिरा आलो धाग्यावर. नाव बदला पण युझरनेम बदलायच्या आधी आमची गोष्ट ऐका. नाव कितीही वेळा बदलता येतं, आतले लोक तिथेच राहतात, चॅनेलमध्ये फक्त "नाव बदललं" अशी एक ओळ पडते, ती पुसता पण येते. युझरनेम बदललं की जुनी t.me लिंक मेली. आम्ही भूगोलाच्या आणि राज्यघटनेच्या मिळून 38 पीडीएफ केल्या होत्या आणि प्रत्येक पानाच्या तळाला लिंक छापली होती, फार हुशारी वाटली होती तेव्हा. मग वर्ष संपलं, युझरनेममध्ये 2023 होतं ते जुनं वाटायला लागलं म्हणून बदललं. दोन महिन्यांनी एका मुलाचा मेसेज, "दादा तुमच्या चॅनेलवर 499 ला प्रश्नसंच घेतला, आलाच नाही." बघतो तर सुटलेलं युझरनेम कोणीतरी उचललेलं, नाव आणि डीपी आमच्यासारखंच लावलेलं आणि आमच्याच पीडीएफवरून पोरं तिकडे जातायत. पीडीएफ तर शेकडो फोनमध्ये गेल्या, त्या परत कशा घ्यायच्या?

तेव्हापासून शिकलो, युझरनेममध्ये साल नको, परीक्षेचं तात्पुरतं नाव नको. आणि बदललंच तर जुनं नाव मोकळं सोडायचं नाही, लगेच दुसरं एक रिकामं चॅनेल काढून त्याला ते युझरनेम लावायचं आणि तिथे नव्या चॅनेलची लिंक पिन करायची. मधे काही सेकंद ते मोकळं असतं तेवढी धाकधूक असते, पण रात्री तीन वाजता केलं तर कोणी टपून नसतं.

नेरुळची_पूजा

बापरे. मग त्या मुलाचे पैसे?

दिघा_गावचा_सुशील

नाही मिळाले. आम्ही तिघांनी मिळून त्याला पुस्तकं घेऊन दिली. तक्रार केली, रिपोर्ट केला, ते चॅनेल काही आठवड्यांनी गेलं, पण कशामुळे गेलं ते कळलं नाही.

कळव्याचा_पक्या

सुशीलदादा आमच्या पीडीएफवर पण लिंक आहे, 21 आहेत. बरं झालं आधी विचारलं. म्हणजे जुनं युझरनेम राखून ठेवायचं.

अजून एक प्रश्न, नावात "ठाणे" टाकू का? आपल्या भागातली पोरं येतील असं वाटतं, अभ्यासिकेत भेटता येतं, नोट्स हातोहात देता येतात.

सातारी_तर्री

मी साताऱ्याची, ठाणे दिसलं की मला वाटेल हे माझ्यासाठी नाही. संयुक्त पूर्व तर आख्ख्या राज्याची एकच असते.

घोडबंदर_एक्सप्रेस

आणि मराठीत "ठाणे" टाकलं की पोलीस ठाणे पण येणार, तिथे जाऊन नोट्स माग. 🚓

ऐरोलीकर

यावर मी ठाम नाही. आपल्या इथे चिंतामणराव देशमुख संस्थेसारखं महापालिकेचं केंद्र आहे, तिथली आणि आसपासच्या अभ्यासिकांमधली मुलं एकमेकांना ओळखतात, त्यामुळे सुरुवातीला गावाच्या नावाने विश्वास बसतो हे खरं. पण सातारच्या ताई म्हणतात तेपण खरं. मी असेन तर युझरनेममध्ये ठाणे टाकणार नाही कारण ते कायमचं, नावात टाकून सहा महिने बघेन, नाव काय कधीही काढता येतं.

निवृत्त_मास्तर_डोंबिवली

मी सगळं वाचलं, आता समजलं. एक विचारतो, नोट्समध्ये चूक असेल तर मुलं कोणाला सांगणार? आमच्या वेळी गाईडमध्ये चूक असली की वर्षभर तीच चूक पाठ व्हायची. एका गाईडमध्ये महाराष्ट्र स्थापनेचं साल चुकीचं छापलं होतं, आख्ख्या वर्गाने तेच लिहिलं.

सातारी_तर्री

काका हे एकदम बरोबर बोललात. चूक कुठे सांगायची ते माहितीतच पाहिजे.

कळव्याचा_पक्या

सगळ्यांचं ऐकून हे केलं. मित्र म्हणतो कोरडं वाटतं, मला आवडलंय. नाव:

कंबाईन नोट्स मराठी | MPSC गट ब, क

माहिती:

```
एमपीएससी गट-ब, गट-क संयुक्त पूर्व व मुख्य परीक्षेच्या मराठी नोट्स. सोम, बुध, शुक्र एक टॉपिक, रविवारी सरावप्रश्न. नोट्स आमच्या हातच्या. चूक दिसली तर कळवा: @combinemarathi_admin हे आयोगाचं चॅनेल नाही, पैसे मागत नाही.
```

एकेक हलन्त काना धरून मोजलं, 214 भरतं, अजून 41 शिल्लक. ते ॲडमिनचं अकाउंट मित्राच्या दुसऱ्या सिमवर काढणार, नंबर लपवून.

ऐरोलीकर

छान. शिल्लक 41 भरायची गरज नाही. "नोट्स आमच्या हातच्या" हे मात्र खरं असलं पाहिजे. बाजारातल्या पुस्तकाची स्कॅन केलेली पीडीएफ एकही टाकू नका, प्रकाशकाने तक्रार केली की चॅनेल जातं आणि मग नाव-माहिती कितीही चांगली असून काय करणार. ती मित्राच्या भावाची पोलीस भरतीची पीडीएफ कुठून आलीये ते बघ.

कळव्याचा_पक्या

उघडून बघितली आत्ता. दुसऱ्या पानावर एका प्रकाशनाचा शिक्का आहे, त्यावर पांढरी पट्टी मारलीये पण खालून दिसतोय. उडवली.

दिघा_गावचा_सुशील

आणि जुनं युझरनेम?

कळव्याचा_पक्या

आज रात्री तीनला उठणारे. गजर लावलाय. आई विचारतेय अभ्यासाला एवढ्या पहाटे कधीपासून उठायला लागलास.